पावडरच्या बाटलीत पाणी पडल्यापासून

प्रश्न: माझी मुलगी सव्वा वर्षाची, वजन १० किलो. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं ड्राय सिरप सकाळ-रात्र ५ मिली, पाच दिवस लिहून दिलंय. मेडिकलमधून ३० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या. सोमवारी रात्री पहिलीत खुणेपर्यंत पाणी घातलं, पण फेस बसल्यावर औषध खुणेच्या बरंच खाली गेलेलं दिसलं. तसंच देतेय, तीन डोस झालेत. आता वरून पाणी घालू का? दुसरी बाटलीही आत्ताच तयार करून ठेवू का? फ्रीजच्या दारात ठेवलंय, चालेल ना? आणि उरलेलं पुढच्या आजारपणाला वापरता येईल का? (सिडको, नाशिक)

उत्तर:

ताई, आधी तातडीचं सांगतो. त्या बाटलीत आता एक थेंबही पाणी घालू नका. दुसरी बाटली आज कोरडीच राहू द्या. आणि घाबरू नका, मुलीला अपाय होईल असं काही घडलेलं नाही. का ते हिशेबानेच दाखवतो.

तुमच्या बाटलीवर बहुधा २२८.५ असा आकडा असेल. म्हणजे नीट तयार केलेल्या दर ५ मिलीत २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. ३० मिलीच्या बाटलीत असे सहा डोस, म्हणजे पावडरमध्ये एकूण १२०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन. तुम्ही पाणी किती घालता यावर हे १२०० बदलत नाही, फक्त ते किती पाण्यात पसरलं ते बदलतं. तुमच्याकडे पातळी खाली बसली, तेव्हा बाटलीत समजा २६ मिलीच औषध झालं असेल. मग दर ५ मिलीत २०० ऐवजी साधारण २३० मिलिग्रॅम गेलं. दहा किलोच्या मुलीला दोन डोस मिळून दिवसाला ४६० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ४६. हे औषध डॉक्टर मुलांना किलोमागे दिवसाला ४५ पर्यंत नेहमी देतात, त्यामुळे तीन डोस थोडे घट्ट गेले म्हणून काही बिघडत नाही. मात्र हा दिलासा या औषधापुरता आणि या वजनापुरता. दुसऱ्या कुठल्या औषधात असं झालं तर स्वतः हिशेब न करता डॉक्टरांना किंवा मेडिकलवर फोन करून विचारा.

आता वरून पाणी का नको? कारण तीन डोस काढून झालेत. बाटलीत किती उरलंय आणि त्यात औषध किती, हे तुम्हाला नेमकं माहीत नाही. अंदाजाने पाणी ओतलं तर कालपर्यंतचे डोस घट्ट आणि उद्याचे पातळ, अशी दुहेरी चूक होते. पातळी भरून काढायची संधी पहिला डोस काढण्याआधीच असते, नंतर नाही. त्यामुळे ही बाटली आहे तशीच संपवा. ती सहाऐवजी पाच डोसांत संपेल. घरच्या घरी ओळखायची खूण हीच आहे. ३० मिलीची बाटली ५ मिलीच्या हिशेबाने पाचव्या डोसालाच तळ दाखवू लागली, तर पाणी कमी पडलं होतं असं समजा. उलट सहा डोस देऊनही अर्धा-पाऊण डोस उरला, तर पाणी जास्त झालं होतं. काचेला थोडंसं चिकटून राहतंच, तेवढं सोडून द्या.

पाणी जास्त होणं मला अधिक वाईट वाटतं, कारण ते लक्षातच येत नाही. पालक म्हणतात, "बाटली ३० मिलीची, म्हणून आम्ही मोजून ३० मिली पाणी घातलं." पण पावडरही जागा घेते. ३० मिली पाणी घातलं की सगळं मिळून ३० च्या वर जातं. समजा ३४ मिली झालं, तर दर ५ मिलीत १७५ च्या आसपासच अमॉक्सिसिलिन. मूल पूर्ण डोस पितं आणि औषध मात्र दर वेळी कमी मिळतं. ताप उतरत नाही, मग "औषध लागू पडलं नाही" असं वाटतं आणि डॉक्टर बदलले जातात. म्हणून पाणी मोजून घालायचं नाही, खुणेपर्यंत घालायचं. ती खूण बाटलीच्या काचेवर गोल रेघ म्हणून असते किंवा लेबलवर बाण म्हणून छापलेली असते. काही कंपन्या खोक्यात पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी देतात. ती पूर्ण ओतायची की खुणेपर्यंतच, हे त्या खोक्यावर लिहिलेलं असतं. खुणेपर्यंत लिहिलं असेल आणि कुपीत थोडं पाणी उरलं, तर ते फेकून द्या, "कशाला वाया घालवायचं" म्हणून ओतू नका.

आता दुसरी बाटली. ती कशी तयार करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची पहिली बिघडली ती एका साध्या गोष्टीमुळे: पाणी एकदम घातलं गेलं.

बाटली उघडण्याआधी ती उलटी करून तळव्यावर हळूहळू आपटा, बाजूने टिचक्या मारा. पावडर तळाला घट्ट बसलेली असते, ती मोकळी होऊन खळखळ वाहायला हवी. पावडरचा खडा झाला असेल, तो आपटूनही फुटत नसेल किंवा पावडर पांढरटऐवजी पिवळी-तपकिरी दिसत असेल, तर त्या बाटलीत पाणी घालू नका. आत दमट हवा शिरलेली असते. बिलासह मेडिकलवर परत न्या. श्रावणात आपल्याकडे ओल्या हवेत बाटल्या उघड्या राहिल्या तर असं होतं, पण सील नीट असेल तर सहसा होत नाही.

पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आपण रोज पितो हे खरं, तरी या बाटलीसाठी उकळा. हे औषध दिवसेंदिवस ठेवायचं आहे आणि पिणारं पोर लहान आहे. कोमट पाणी घालू नका. गरम पाण्यात पावडर लवकर विरघळेल असं वाटतं, पण उलट गुठळ्या होतात आणि यातला क्लॅव्हुलॅनिकचा भाग उष्णतेनेच आधी खराब होतो. पाणी गार झालं का हे भांड्याच्या तळाला हात लावून बघा, वरच्या वाफेवर जाऊ नका.

आता सरळ ओट्यावर बाटली ठेवा आणि खुणेच्या निम्म्यापर्यंत, फार तर दोन तृतीयांशापर्यंतच पाणी घाला. झाकण घट्ट लावून जोरात हलवा. बाटली आडवी धरा, मग उलटी करून पाहा, तळाच्या कडेला, जिथे काच वळते, तिथे पांढरी गुठळी चिकटलेली दिसते का. नेमकी तिथेच पावडर अडकते. ती सुटेपर्यंत हलवत राहा. मग बाटली पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. वर फेसाचा जाड थर असतो, तो उतरू द्या. फेस उतरला आणि पावडर भिजून बसली की पातळी खाली येते. तुमच्या पहिल्या बाटलीत हेच झालं. तुम्ही फेसाच्या आणि कोरड्या पावडरच्या माथ्याला खूण मानलीत, पण औषध बसल्यावर पातळी घसरली. आता डोळे बाटलीच्या उंचीला आणून, म्हणजे थोडं वाकून, पाणी अगदी थोडं थोडं करून खुणेला आणा. वरून पाहिलं की चुकतं. पुन्हा हलवा. पुन्हा थोडा वेळ थांबून एकदा बघा. अजून खाली असेल तर तेवढीच भर घाला. हे सगळं पहिला डोस काढायच्या आधी.

मग बॉलपेनने लेबलवर दोन गोष्टी लिहा: तयार केल्याची तारीख-वेळ आणि टाकून द्यायची तारीख. बाटलीवर छापलेली एक्स्पायरी डेट, जी पुढच्या वर्षाची असते, ती कोरड्या पावडरची. पाणी पडलं की ती बाद. त्यानंतरचं औषध किती दिवस टिकतं ते लेबलवर वेगळ्या ओळीत बारीक अक्षरात असतं. तुमच्या औषधाला आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर फ्रीजमध्ये ७ दिवस लिहिलेलं असतं. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, नुसतं अमॉक्सिसिलिन यांचे दिवस वेगळे असू शकतात, काहींचे १४ सुद्धा. शेजारणीच्या बाटलीवरचा आकडा आपल्या बाटलीला लावायचा नाही.

दिवसांवर एवढा भर का, तर पाणी लागताच या औषधांची मोडतोड सुरू होते. अमॉक्सिसिलिनच्या रेणूत एक कडं असतं, पाणी ते हळूहळू उघडतं. क्लॅव्हुलॅनिकच्या रेणूतही तसंच कडं आहे आणि ते त्याहून लवकर उघडतं. काही जंतू अमॉक्सिसिलिन तोडणारं एक विकर तयार करतात, क्लॅव्हुलॅनिक त्या विकराला अडकवून ठेवतं. ते आधी संपलं की बाटलीत अमॉक्सिसिलिन शिल्लक असूनही त्या जंतूंपुढे ते उघडं पडतं. वाईट गोष्ट अशी की रंग, वास, चव यात फारसा फरक न पडताही हे झालेलं असू शकतं. औषध गडद पिवळं-तपकिरी झालं, आंबूस वास आला, गोळे बनले, तर ते नक्कीच खराब. पण पांढरं आणि गोड आहे म्हणून चांगलं, असं म्हणता येत नाही. म्हणून तारीखच पाळायची.

आता तुमच्या दोन बाटल्यांचा हिशेब लावू. सोमवारी रात्री सुरू केलं, दिवसाला दोन डोस, पाच दिवसांचे एकूण दहा डोस, म्हणजे ५० मिली. नीट तयार झाली असती तर पहिली सहा डोस पुरून गुरुवारी सकाळी संपली असती. आता ती बुधवारी रात्री पाचव्या डोसाला संपेल. दुसरी बाटली गुरुवारी सकाळी, डोसाच्या अर्धा तास आधी तयार करा. त्यातून पाच डोस म्हणजे २५ मिली लागतील, ३० मिलीत ते सहज बसतात. शनिवारी सकाळी दहावा डोस होईल. दुसरी बाटली आजच तयार करून ठेवली असती, तर गुरुवारपर्यंत वापराविना मोडत बसली असती. उगीच कशाला? शिवाय डॉक्टरांनी मध्येच औषध बदललं, तर कोरडी सीलबंद बाटली मेडिकलवाला परत घेईलही, पाणी पडलेली कोणी घेणार नाही.

तान्ह्या बाळांच्या पालकांना इथे एक वेगळी अडचण येते. समजा डॉक्टरांनी दीड मिली दोन वेळा सांगितलं, तर दिवसाला ३ मिली, म्हणजे ३० मिली दहा दिवस पुरेल असा हिशेब लागतो. पण सात दिवस झाले की उरलेलं ९ मिली ओतून द्यायचं आणि गरज असेल तर नवी बाटली उघडायची. महाग पडतं, मला माहीत आहे. म्हणून अशा बाळासाठी दहा दिवसांचं लिहून दिलेलं असेल तर मेडिकलवर आधीच विचारा, "दुसरी बाटली लागेल का?" चांगला फार्मासिस्ट तुम्हाला सुरुवातीलाच सांगेल.

हलवण्याबद्दल. हे सिरप म्हणवून घेतं, पण खोकल्याच्या सिरपासारखं विरघळलेलं नसतं. औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि रात्रभरात तळाशी जातात. न हलवता वरून काढलं तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे घट्ट होतात. बाटली संपल्यावर तळाला पांढरा चिकट गाळ दिसला तर तेवढं औषध मुलीच्या पोटात गेलेलंच नाही. म्हणून प्रत्येक वेळी, आधीच्या डोसाला हलवली होती तरीही, पुन्हा हलवायची. तळ मोकळा दिसेपर्यंत. फार जोरात घुसळून फेस करू नका, नाहीतर सिरिंजमध्ये औषधाऐवजी हवा येते. हलवून झालं की लगेच काढा, "हलवून ठेवली होती, नंतर देते" असं नको.

मोजायला सुई नसलेली तोंडाची सिरिंज घ्या. बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या झाकणात ५ मिली बऱ्यापैकी मोजता येतं, पण दीड-अडीच मिली नाही. घरातला चहाचा चमचा घरागणिक वेगळा, त्याचं नाव घेऊ नका. सिरिंजमध्ये बुडबुडा आला तर दट्ट्या ढकलून औषध बाटलीत परत सोडा आणि पुन्हा ओढा. गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं द्या, घशात नेम धरू नका. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, मूल अर्धी बाटली सोडून देतं आणि किती गेलं ते कळत नाही. वापरून झाली की सिरिंज धुऊन वाळवा, औषधाच्या बाटलीत ठेवू नका.

ठेवण्याचं. फ्रीजचं दार नको. दार दर वेळी उघडतं, तिथे गरम हवा लागते. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. मागे टेकली की कधी कधी गोठते. गोठलं तर औषधाचा पोत तुटतो, ते वितळवून वापरायचं नाही. फ्रीज भरलेला असेल तर एक छोटा डबा राखून त्यात बाटली उभी ठेवा, म्हणजे भाजीच्या ढिगात हरवत नाही. दिवे गेले तर फ्रीज बंदच ठेवा. दार न उघडता काही तास आतला गारवा राहतो. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा सिडकोच्या वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या कप्प्यात बाटली विसरणं म्हणजे औषध वाया घालवणं. आणि "थंडीत बाहेर चालेल" हेही धरून चालू नका. निफाडकडे पहाटे पारा उतरतो, पण दुपारी घरात गारवा नसतो.

सगळीच औषधं फ्रीजमध्ये जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. क्लॅरिथ्रोमायसिनचं ड्राय सिरप फ्रीजमध्ये ठेवायचंच नसतं. लेबलवर काय लिहिलंय ते पाहा.

फ्रीज नसलेल्या घरी काय करायचं? सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या किंवा द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावच्या मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांना मी सांगतो की डॉक्टरांना आधीच सांगा, "आमच्याकडे फ्रीज नाही." डॉक्टर मग पाण्यात विरघळणारी गोळी देऊ शकतात. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम यांच्या अशा गोळ्या मिळतात, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकच्याही मिळतात. दर वेळी ताजी विरघळवायची, काही ठेवायचंच नाही. मातीच्या माठात बाटली ठेवून फ्रीजसारखा गारवा मिळत नाही, त्यावर विसंबू नये. अर्ध्या दिवसाच्या प्रवासाला मात्र थर्मासमध्ये रुमालात गुंडाळलेली बर्फाची पिशवी घालून बाटली नेता येते, बर्फ बाटलीला थेट टेकू नये एवढंच.

राहिलं उरलेलं. शनिवारी दहावा डोस झाल्यावर तुमच्या दुसऱ्या बाटलीत ५ मिलीच्या आसपास उरेल. तारखेला अजून दिवस बाकी असतील, तरी कोर्स संपला की ते ठेवायचं नाही. पुढच्या वेळी सर्दीच असेल तर ती बहुतेकदा विषाणूची असते, त्यावर हे औषध काही करत नाही. खरंच जंतूंचा संसर्ग असेल तर त्या वेळचं वजन, औषध आणि डोस डॉक्टर ठरवतील. पाच मिलीने संसर्ग बरा होत नाही, जंतूंना औषधाची ओळख मात्र होते. मोठ्या भावाला "एक डोस देऊन बघू" हेही नको.

टाकताना मोरीत, संडासात किंवा गोदावरीत ओतू नका. जुनं वर्तमानपत्र, चहाचा चोथा किंवा माती एका पिशवीत घ्या, त्यात औषध ओता, कालवून पिशवी बांधा. घरातली जुनी औषधं घातक घरगुती कचऱ्यात मोडतात, म्हणून घंटागाडी आल्यावर ती पिशवी ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्या आणि औषध आहे असं सांगा. रिकामी बाटली विसळून ते पाणीही त्याच पिशवीत ओता, लेबल फाडून टाका, म्हणजे कोणी ती तेला-मधासाठी उचलणार नाही.

मुलीच्या अंगावर पुरळ उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकू लागला, तर पुढचा डोस थांबवून लगेच दवाखाना गाठा. उलटी डोसानंतर लगेच झाली किंवा जुलाब वाढले, तर डोस पुन्हा द्यायचा का हे डॉक्टरांना फोनवर विचारा. बाकी पाचवा डोस देताना बाटली संपली का ते पाहा, म्हणजे पहिल्यात पाणी किती कमी पडलं होतं ते तुम्हालाच कळेल.